इंग्रजी एजन्सीची बातमी नेपाळीत उतरवताना तथ्य सरकते: नेमके कुठे आणि कसे पकडायचे

तक्रार नेहमीची आहे. इंग्रजी प्रत नीट वाचलेली असते, नेपाळी व्याकरणही फारसे चुकलेले नसते, तरी छापून आल्यावर कुणीतरी दाखवून देते की वेळ चुकली आहे, आकडा फुगला आहे किंवा मूळ प्रतीत नसलेले विधान बातमीत शिरले आहे. दुरुस्ती होते आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक दुसऱ्या बातमीत दिसते.

चूक परत परत होते, कारण तिची जागा ठरलेली आहे. नेपाळी वाक्याला अशा काही गोष्टी लागतात ज्या इंग्रजी वाक्य सांगतच नाही: विक्रम संवताची तारीख, क्रियापदातला आदर, प्रदेशाचे नेमके नाव. लिहिणारा मग त्या स्वतःकडून भरतो. मराठी भाषक नेपाळी लिहीत असेल तर तो मराठीतून भरतो, आणि लिपी एकच असल्यामुळे भरलेला शब्द परका आहे हे नजरेला खटकत नाही. पुणे, मुंबई किंवा गोव्यातल्या नेपाळी वाचकांसाठी कुणी मराठी माणूस बातम्या तयार करत असेल, तर त्याचा धोका इंग्रजीतून येतो तसाच मराठीतूनही येतो.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे: ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्रीचा जाजरकोटचा भूकंप. घटना खरी, आकडे त्या वेळी जाहीर झालेले. मसुदे मात्र इथे दाखवण्यासाठी लिहिले आहेत, ते कुठल्याही एजन्सीचे शब्द नाहीत.

मूळ प्रतीत काय होते

समजा, शनिवारी दुपारी आलेल्या इंग्रजी प्रतीचा सारांश असा: पश्चिम नेपाळमध्ये शुक्रवारी रात्री झालेल्या भूकंपात किमान १५७ जण मरण पावल्याचे पोलिसांनी शनिवारी सांगितले. धक्का स्थानिक वेळेनुसार रात्री ११:४७ वाजता बसला, म्हणजे जीएमटीनुसार १८:०२. नेपाळच्या राष्ट्रीय भूकंप केंद्राने मॅग्निट्यूड ६.४ सांगितला, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने ५.६. जाजरकोटमध्ये १०५ आणि शेजारच्या 'वेस्ट रुकुम'मध्ये ५२ मृत्यू. पंतप्रधान पुष्पकमल दाहाल शनिवारी बाधित भागात गेले. २०१५ नंतरचा हा सर्वाधिक बळी घेणारा भूकंप. त्या वर्षी सुमारे ९,००० लोक मरण पावले होते.

त्यावरून घाईत तयार झालेला नेपाळी मसुदा:

> जाजरकोटमा विनाशकारी भूकम्प, मृतकको सङ्ख्या १५७ नाघ्यो
>
> काठमाडौँ, ४ नोभेम्बर । सुदूरपश्चिम नेपालमा शुक्रबार साँझ ६:०२ बजे आएको ५.६ रिक्टर स्केलको विनाशकारी भूकम्पले १५७ भन्दा बढीको ज्यान लियो । पश्चिम रुकुममा ५२ जना मारिए । प्रधानमन्त्री दाहालले घटनास्थल पुगेर पीडितलाई सान्त्वना दिनुभयो । सन् २०१५ पछिको यो सबैभन्दा ठूलो भूकम्प हो ।

भरभर वाचले तर हे खपून जाते. एकेक वाक्य मूळ प्रतीशेजारी ठेवले की जवळजवळ प्रत्येकात काहीतरी सरकलेले दिसते.

वेळ आणि तारीख

'साँझ ६:०२' म्हणजे संध्याकाळी ६:०२. मूळ प्रतीत दोन वेळा होत्या आणि लिहिणाऱ्याने जीएमटीची उचलली. ही चूक मोठी आहे, कारण रात्री पावणेबाराला लोक झोपेत होते आणि संध्याकाळी सहाला ते बाहेर असते. मृत्यूंच्या संख्येकडे वाचक कसा पाहील हेच त्याने बदलते.

नेपाळची वेळ जीएमटीच्या ५ तास ४५ मिनिटे पुढे आहे आणि भारताच्या १५ मिनिटे पुढे. मोबाइलवर भारतीय वेळ पाहून हिशेब केला तर ११:३२ येते. मूळ प्रतीत स्थानिक वेळ असेल तर तीच घ्यायची, आणि जीएमटीत ५:४५ मिळवून ती जुळते का ते एकदा तपासायचे. १८:०२ अधिक ५:४५ म्हणजे २३:४७. जुळले.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: १८:१५. जीएमटीनुसार १८:१५ वाजले की नेपाळमध्ये पुढची तारीख आणि पुढचा वार लागतो. हा भूकंप त्या सीमेच्या तेरा मिनिटे आधी झाला म्हणून 'शुक्रबार राति' बरोबर ठरते. त्यानंतर अर्ध्या तासाने बसलेला धक्का जीएमटीनुसार अजून शुक्रवारचा असला तरी नेपाळी बातमीत तो शनिवारचा. वाराची नावे लिहितानाही हात मराठीकडे वळतो: गुरुवारला नेपाळीत 'बिहीबार' म्हणतात, रविवारला 'आइतबार'.

डेटलाइनमध्ये '४ नोभेम्बर' हे चुकीचे तथ्य नाही, पण नेपाळी वाचकाची तारीख ती नव्हे. ३ नोव्हेंबर २०२३ म्हणजे १७ कात्तिक २०८०, आणि बातमी दुसऱ्या दिवशीची असल्याने डेटलाइन १८ कात्तिक. इथे मराठी माणसासाठी खास सापळा आहे. आपला कार्तिक चांद्र महिना आहे, नेपाळचा कात्तिक सौर. त्या ३ नोव्हेंबरला आपल्या पंचांगात अजून आश्विन चालू होता. दिवाळीच व्हायची होती. कालनिर्णय पाहून नेपाळी तारीख काढता येत नाही. सूत्रानेही निघत नाही, कारण विक्रम संवताचे महिने २९ ते ३२ दिवसांचे असतात आणि त्यांची लांबी दर वर्षी बदलू शकते. त्या वर्षाचे नेपाळी कॅलेंडर समोर ठेवणे हाच एक मार्ग.

वर्षाचेही तसेच. '२०१५' च्या जागी 'सन् २०१५' लिहिले तर चुकत नाही, पण नेपाळमध्ये तो भूकंप 'बहत्तर सालको भूकम्प' म्हणूनच ओळखला जातो. २५ एप्रिल २०१५ म्हणजे १२ वैशाख २०७२. नुसते '२०१५' मात्र कधी लिहू नये. नेपाळी मजकुरात 'सन्' नसलेले वर्ष विक्रम संवताचे समजले जाते, आणि २०१५ साल म्हणजे इसवी सनाचे १९५८-५९.

'किमान'चे 'पेक्षा जास्त' होते

हा दोष सर्वांत जास्त दिसतो आणि सर्वांत कमी पकडला जातो. मूळ प्रतीत 'ॲट लीस्ट १५७' होते. त्याचा अर्थ: १५७ मोजले आहेत, कदाचित आणखी असतील. '१५७ भन्दा बढी' याचा अर्थ: १५८ किंवा अधिक आहेत, हे नक्की. पहिले विधान पोलिसांचे होते, दुसरे कुणाचेच नाही. मथळ्यातला 'नाघ्यो', म्हणजे ओलांडला, हा तर पुढचा टप्पा आहे.

नेपाळीत यासाठी शब्द ठरलेले आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'किमान'साठी कम्तीमा. 'पेक्षा जास्त'साठी भन्दा बढी. 'सुमारे'साठी करिब. 'जास्तीत जास्त'साठी बढीमा. मूळ प्रतीत जो शब्द असेल त्याचाच जोडीदार घ्यायचा. मथळ्यात जागा नसेल तर शब्द गाळून नुसता आकडा द्यावा आणि पहिल्या वाक्यात 'कम्तीमा' आणावा. मथळ्यासाठी आकडा वाढवू नये.

दुसरी तपासणी बेरजेची. १०५ आणि ५२ मिळून १५७ होतात, म्हणजे एकूण आकडा या दोनच जिल्ह्यांचा आहे. हे जुळले की वाक्य धीटपणे लिहिता येते. जुळले नाही तर मूळ प्रतीत तिसरा जिल्हा आहे, की दोन आकडे वेगवेगळ्या वेळचे आहेत, ते शोधायचे. स्वतः बेरीज करून नवा एकूण आकडा तयार करायचा नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे आकड्याला वेळ आणि मालक दोन्ही हवेत: कुणी सांगितला, कधीपर्यंतचा. नेपाळीत चार शब्दांत काम होते: 'प्रहरीका अनुसार' आणि 'शनिबार दिउँसोसम्म'. मसुद्यात दोन्ही नाहीत, त्यामुळे १५७ हा आकडा बातमी देणाऱ्याचा स्वतःचा झाला. हे किती महागात पडू शकते ते शेवटी दिसेल.

मोजताना माणसांना 'जना' आणि वस्तूंना 'वटा' लागते. '१५७ मान्छे' बोलण्यात चालेल, बातमीत '१५७ जना' हवे. घरे मात्र '२० वटा घर'.

दोन मॅग्निट्यूड, एकच भूकंप

६.४ आणि ५.६ यांतला एक आकडा चुकीचा असणार असे समजून मसुद्यात एक निवडला गेला. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. काठमांडूचे राष्ट्रिय भूकम्प मापन तथा अनुसन्धान केन्द्र स्थानिक मापनश्रेणीवर आकडा देते. अमेरिकन संस्था बहुतेकदा आघूर्ण श्रेणीवर, म्हणजे 'मोमेंट मॅग्निट्यूड'वर. श्रेणी वेगळी म्हणून आकडा वेगळा. नेपाळी वाचकाने आधीच ६.४ ऐकलेले असते, आणि ५.६ एकटा छापला तर तो बातमीवरच शंका घेतो. उपाय सरळ आहे: नेपाळच्या केंद्राचा आकडा आधी, परदेशी आकडा त्याच्या नावानिशी नंतर. सरासरी काढून '६ म्याग्निच्युड' लिहिण्याचाही प्रकार होतो. असे माप कुणीच दिलेले नसते.

'रिक्टर स्केल' गाळावे. मूळ प्रतीत ते नव्हते, सवयीने आले. आणि नेपाळीत भूकंप 'येत' नाही, 'जातो': भूकम्प गयो, राति गएको भूकम्प. मराठीत भूकंप होतो, हिंदीत येतो. 'आएको भूकम्प' वाचताच नेपाळी वाचकाला कळते की हे भाषांतर आहे.

ठिकाण: 'पश्चिम' आणि 'सुदूरपश्चिम'

इंग्रजी प्रतीतले 'वेस्टर्न नेपाळ' हे दिशेचे ढोबळ वर्णन आहे. लिहिणाऱ्याने त्याला वजन द्यायला 'सुदूरपश्चिम' केले, आणि ते प्रांताचे नाव निघाले. जाजरकोट आणि रुकुम पश्चिम हे दोन्ही जिल्हे कर्णाली प्रदेशात आहेत. एका विशेषणाने बातमी शेजारच्या प्रांतात गेली. इंग्रजी प्रतीत दिशा असेल तर नेपाळीत जिल्हा लिहावा आणि दिशा सोडून द्यावी. 'पश्चिम नेपाळ' म्हणजे कुठे, हे नेपाळी वाचकाला सांगायला नको.

'वेस्ट रुकुम'चे 'पश्चिम रुकुम' हे भाषांतर म्हणून बरोबर आहे आणि नाव म्हणून चूक. जुना रुकुम जिल्हा विभागला गेला तेव्हापासून अधिकृत नाव 'रुकुम पश्चिम' आहे. दुसरा भाग 'रुकुम पूर्व', आणि तो लुम्बिनी प्रदेशात. व्यक्ती आणि गावांची नावे रोमन अक्षरांवरून अंदाजाने लिहू नयेत. रोमन लिपीत 'द' आणि 'ड', ऱ्हस्व आणि दीर्घ एकच दिसतात: केंद्रबिंदू होता ते रामीडाँडा 'रामिदंडा' होऊन जाते. त्याच घटनेची नेपाळी बातमी किंवा पालिकेचे नेपाळी पान उघडून शब्द तिथून घ्यावा. राष्ट्रिय समाचार समिति, म्हणजे रासस, ही तिथली वृत्तसंस्था यासाठी सोयीची आहे.

'सर्वांत प्राणघातक' म्हणजे 'सर्वांत मोठा' नव्हे

मसुद्यातले शेवटचे वाक्य तथ्य म्हणून खोटे आहे. मूळ प्रतीत 'डेडलिएस्ट' होते, म्हणजे सर्वाधिक बळी घेणारा. 'सबैभन्दा ठूलो' म्हणजे सर्वांत मोठा, आणि नेपाळी वाचक ते मॅग्निट्यूडला लावून वाचेल. एकच वर्ष आधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, डोटीच्या भूकंपाला त्याच नेपाळी केंद्राने ६.६ दिला होता. तो ६.४ पेक्षा मोठा, पण त्यात सहा जणांचा मृत्यू झाला. इंग्रजीत दोन विशेषणे शेजारी शेजारी वापरली जातात म्हणून ही अदलाबदल सहज होते. नेपाळीत 'सबैभन्दा धेरै मानवीय क्षति भएको' असे सविस्तर लिहावे. तीन शब्द वाढतात, पण वाक्य खरे राहते.

अशा प्रत्येक 'सर्वांत'ला एक प्रश्न विचारायचा: कशात सर्वांत, आणि कधीपासून? दोन्ही उत्तरे वाक्यात दिसली पाहिजेत. '२०७२ सालयता' हे दुसरे उत्तर.

सूर क्रियापदात असतो

तटस्थता म्हटले की विशेषणे काढून टाकायची, एवढेच बहुतेकांना आठवते. 'विनाशकारी' निघायलाच हवे. १५७ हा आकडा ते काम करतो आहे. पण नेपाळीत सूर खरा बिघडतो तो क्रियापदात, आणि तिथे जरा थांबून पाहायला हवे.

आधी काळ. बातमीचे मुख्य वाक्य 'भएको छ', 'जनाएको छ', 'पुगेका छन्' या रूपात असते. मागच्या घटनेला 'भएको थियो'. 'लियो', 'मारिए' अशी साधी भूतकाळी रूपे लागोपाठ आली की गोष्ट सांगितल्यासारखे वाटते. 'रहेछ' आणि 'गएछ' ही रूपे तर बातमीत पूर्ण वर्ज्य, कारण त्यात 'आत्ता कळलं हो!' असा लिहिणाऱ्याचा आश्चर्याचा भाव असतो. बोलून नेपाळी शिकलेल्यांच्या हातून ती नकळत पडतात.

मग सांगण्याची क्रियापदे. इंग्रजी एजन्सी बहुतेक वेळा 'सेड' एवढेच लिहिते, आणि तेच तेच नको म्हणून भाषांतर करणारा बदल करतो. नेपाळीत बदल करायला जागा आहे, पण मर्यादित. संस्थेसाठी 'जनाएको छ', व्यक्तीसाठी 'बताएका छन्' किंवा 'भनेका छन्', अहवालासाठी 'उल्लेख छ': हे समान वजनाचे आहेत. 'दाबी गरेका छन्' लिहिले की आपण त्या माणसावर अविश्वास दाखवला. 'स्वीकार गरेका छन्' लिहिले की त्याच्याकडे काही दोष होता असे म्हटले. 'स्पष्ट पारेका छन्' लिहिले की त्याचे म्हणणे खरे ठरवले. मूळ प्रतीत 'क्लेम्ड' किंवा 'ॲडमिटेड' असेल तेव्हाच ते शब्द.

'मारिए' आणि 'मृत्यु भयो' यांतला फरकही असाच. इंग्रजीत 'किल्ड' भूकंपालाही चालतो आणि गोळीबारालाही. नेपाळीत 'मारिएका' म्हटले की मारणारा कुणीतरी आला. नैसर्गिक आपत्ती आणि अपघातात 'मृत्यु भएको छ'. 'निधन' हा आदराचा शब्द एखाद्या मान्यवराच्या मृत्यूला वापरतात, मृतांच्या यादीत अर्ध्यांना 'निधन' आणि अर्ध्यांना 'मृत्यु' दिले तर तो भेदभाव होतो.

आणि आदर. इंग्रजी क्रियापदात आदर नाही, नेपाळीत तो टाळताच येत नाही: भन्यो, भने, भन्नुभयो. नेपाळी दैनिकांपैकी गोरखापत्र 'भन्नुभयो' लिहिते, कान्तिपुर 'भने'. दोन्ही पद्धती रूढ आहेत. अडचण येते ती एकाच बातमीत दोन्ही आल्यावर. आपल्या मसुद्यात पंतप्रधानांना 'दिनुभयो' मिळाले आहे. पोलीस अधिकाऱ्याला 'बताए' मिळाले असते तर वाचकाला उतरंड दिसली असती. एक पातळी निवडावी आणि मंत्री, विरोधक, साक्षीदार, आरोपी सगळ्यांना तीच द्यावी. मराठीत आरोपी 'तो' होतो आणि मंत्री 'ते'. त्या सवयीने नेपाळीत आरोपीला 'ऊ' आणि 'भन्यो' मिळते, आणि खटला उभा राहायच्या आधी निकाल लागल्यासारखे वाचले जाते. त्याला 'उनी' आणि 'भने' हवे.

'सान्त्वना दिनुभयो' ही तर सरळ भर आहे. मूळ प्रतीत पंतप्रधान गेले एवढेच होते. गेले म्हणजे सांत्वन केलेच असेल, हा तर्क. वाजवी असला तरी तथ्य नाही.

मराठीतून येणारे शब्द

'शिक्षा' हा सर्वांत धोक्याचा शब्द. नेपाळीत त्याचा अर्थ शिक्षण. 'शिक्षामन्त्री' म्हणजे शिक्षणमंत्री. न्यायालयाने दिलेल्या शिक्षेला 'सजाय' किंवा 'कैद' हवे. 'संसार' म्हणजे जग. 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, थट्टा नव्हे. जखमी 'घाइते', अटक 'पक्राउ', अपघात 'दुर्घटना'.

इंग्रजी शब्दांचे लेखनही वेगळे. नेपाळीत 'ॅ' आणि 'ॉ' ही चिन्हे नाहीत: बँक म्हणजे 'ब्याङ्क', डॉक्टर म्हणजे 'डाक्टर', मॅग्निट्यूड म्हणजे 'म्याग्निच्युड'. 'छन्' मधला पाय मोडायचा विसरू नये आणि वाक्य दंडाने संपवावे. एका बाबतीत मराठी लिहिणारा मात्र सुदैवी आहे: 'गर्‍यो', 'पर्‍यो' मधला आडवा र आपल्या 'तर्‍हा'मधलाच. हिंदी कळफलकावर त्याचा रफार होऊन 'गर्यो' उमटतो, जो चूक आहे. अक्षरक्रम असा:

```
U+0930 U+094D U+200D U+092F
```

पैसे असतील तेव्हा

भूकंपाच्या या बातमीत रक्कम नाही, पण पुढच्या दिवसांत मदतीचे आकडे येतातच. मिलियनला १० लाख, बिलियनला 'एक अर्ब'. त्यापुढे मराठी माणसाची गडबड होते. आपल्या जुन्या मोजणीत अब्जानंतर दहापट म्हणजे खर्व. नेपाळीत 'खर्ब' म्हणजे शंभर अर्ब. १० बिलियनला 'एक खर्ब' लिहिले तर रक्कम दहापट होते. बरोबर उत्तर 'दस अर्ब'. कोटीला 'करोड'.

'रुपैयाँ' एवढेच लिहिले तर वाचक नेपाळी रुपये समजतो. भारताने दिलेली मदत भारतीय रुपयांत असेल तर 'भारु' लिहावे. एक भारतीय रुपया १.६० नेपाळी रुपयांना बांधलेला असल्यामुळे भारु १० करोड म्हणजे नेपाळी १६ करोड. डॉलरची रक्कम डॉलरमध्येच ठेवावी. रुपयांत बदलायचीच असेल तर त्या दिवसाचा नेपाल राष्ट्र बैंकचा दर घ्यावा.

दुरुस्त मसुदा

> जाजरकोट भूकम्प : १५७ जनाको मृत्यु
>
> काठमाडौँ, १८ कात्तिक । जाजरकोटको रामीडाँडा केन्द्रबिन्दु भएर शुक्रबार राति ११:४७ बजे गएको भूकम्पमा परी कम्तीमा १५७ जनाको मृत्यु भएको छ ।
>
> प्रहरीका अनुसार शनिबार दिउँसोसम्म जाजरकोटमा १०५ र रुकुम पश्चिममा ५२ जनाको मृत्यु भएको छ ।
>
> राष्ट्रिय भूकम्प मापन तथा अनुसन्धान केन्द्रले भूकम्पको म्याग्निच्युड ६.४ रहेको जनाएको छ । अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणले भने ५.६ जनाएको छ ।
>
> प्रधानमन्त्री पुष्पकमल दाहाल शनिबार प्रभावित क्षेत्र पुगेका छन् ।
>
> यो २०७२ सालयता सबैभन्दा धेरै मानवीय क्षति भएको भूकम्प हो । २०७२ मा करिब ९ हजार जनाको मृत्यु भएको थियो ।

रामीडाँडा हे नाव इंग्रजी प्रतीच्या सारांशात नव्हते. ते नेपाळी भूकंप केंद्राच्या माहितीतून घेतले आहे. अशी भर घालताना ती कुठून आली याची नोंद मसुद्याशेजारी ठेवावी, आणि एजन्सीचे श्रेय देताना तो तपशील तिच्या नावावर जाणार नाही असे पाहावे.

तपासताना नेपाळी मसुद्यातला प्रत्येक अंक, नाव आणि क्रियापद अधोरेखित करायचे आणि प्रत्येकासमोर मूळ प्रतीतली ओळ दाखवता येते का ते बघायचे. उलट दिशेने, म्हणजे इंग्रजीकडून नेपाळीकडे, तपासले तर गाळलेले सापडते पण घातलेले सापडत नाही. 'सान्त्वना' तशी तपासणी आरामात चुकवते.

आकडा मागे येतो तेव्हा

एजन्सीच्या प्रतीवर `UPDATE` किंवा `CORRECTED` असा शेरा आला की काय बदलले आहे ते आधी वाचावे. पहिल्यात सहसा नवी माहिती असते, दुसऱ्यात जुनी चूक. जाजरकोटचा मृतांचा सरकारी आकडा नंतर १५७ वरून १५३ वर आला. जाजरकोटचे १०५ होते ते १०१ झाले, रुकुम पश्चिमचे ५२ तसेच राहिले. '१५७ भन्दा बढी' छापलेल्याला आता स्वतःचे विधान मागे घ्यावे लागते. 'प्रहरीका अनुसार शनिबार दिउँसोसम्म' लिहिलेल्याची जुनी बातमी त्या दिवसापुरती खरीच राहते. तरी नव्या बातमीत आकडा गुपचूप बदलू नये. एक ओळ पुरते:

> यसअघि १५७ जनाको मृत्यु भएको बताइए पनि सरकारी विवरणअनुसार मृतकको सङ्ख्या १५३ रहेको छ ।

'बताइए पनि', म्हणजे 'सांगितले गेले असले तरी'. 'घटेर १५३ मा झरेको छ' असे काही जण लिहितात. मृत्यू घटत नाहीत, मोजणी सुधारते. म्हणून क्रियापद 'रहेको छ' हवे.